‘टच अँड गो’ लिहिलं आणि माल अडकला: परदेशी ग्राहकाला साधा इंग्रजी मेसेज कसा लिहायचा



व्हिडिओमध्ये मी सोलापूरच्या एका ताईंचा किस्सा थोडक्यात सांगितला होता. वेळ कमी होता, म्हणून तो मेसेज ओळीओळीने उलगडून दाखवता आला नाही. ते काम आज इथे करूया. मोबाइल हातात असेल तर तुमचं व्हॉट्सॲपही उघडून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आधी किस्सा पूर्ण ऐका.

ताईंचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे. जर्मनीतल्या एका दुकानदारीण बाईंची पहिलीच ऑर्डर होती. १२०० हँड टॉवेल, ६०० पांढरे आणि ६०० निळे. अटी एफओबी न्हावा शेवा. म्हणजे माल बंदरावर जहाजात चढवून द्यायचा ताईंनी, आणि जहाजातली जागा बुक करायची ग्राहकाने. अर्धे पैसे आधी आले होते, उरलेले ९६० युरो माल निघण्याआधी यायचे होते.

५ नोव्हेंबरला, बुधवारी, पांढरा माल तयार होता. निळ्या सुताचा रंग मात्र पास केलेल्या सॅम्पलशी जुळत नव्हता. दिवाळीनंतर डाईंगचे कामगार उशिरा परतले होते आणि डाईंगवाला रोज ‘उद्या देतो’ म्हणत होता. ग्राहकाचा ‘काय स्थिती आहे?’ असा मेसेज आला. ताई एका कॉर्पोरेट कंपनीत सहा वर्षं काम केलेल्या, इंग्रजी फर्डं. त्यांनी पटकन टाइप केलं. मी ते देवनागरीत लिहितो आहे:

“हाय! जस्ट टचिंग बेस. वी आर अ बिट स्वॅम्प्ड, बट व्हाइट इज गुड टू गो. ब्लू इज टच अँड गो, डाईंग पार्टी इज गिव्हिंग अस द रनअराउंड. विल ट्राय टू वाइंड अप बाय नेक्स्ट फ्रायडे. प्लीज डू द नीडफुल फॉर बॅलन्स अँड रिव्हर्ट.”

तिकडून उत्तर आलं, “ओके, थँक यू!” ताई निर्धास्त झाल्या.

तिकडे काय वाचलं गेलं? व्हाइट गुड टू ‘गो’, ब्लू टच अँड ‘गो’. दोन्हीकडे ‘गो’, म्हणजे दोन्ही निघायला तयार. नेक्स्ट फ्रायडे म्हणजे येणारा शुक्रवार, ७ नोव्हेंबर. बाईंनी फॉरवर्डरला सांगून कंटेनरमधली जागा बुक केली. माल गोदामात पोचवायची शेवटची तारीख पडली सोमवार, १० नोव्हेंबर. ताईंच्या मनातला शुक्रवार होता १४ तारखेचा, आणि निळ्या सुताचा तर त्या दिवशी अजून रंगही लागायचा होता.

शेवटी पांढरे टॉवेल जहाजाने गेले आणि निळे नंतर विमानाने. एका हँड टॉवेलचं वजन साधारण १२० ग्रॅम, म्हणजे ६०० नगांचं ७२ किलो. विमानाचं भाडं ताईंनी भरलं, कारण चूक कोणाची यावर पहिल्याच ऑर्डरला वाद घालणं परवडणारं नव्हतं. त्या ऑर्डरमध्ये हातात काही उरलं नाही.

आता नीट बघा. ताईंनी खोटं काही लिहिलं नव्हतं. ‘टच अँड गो’चा इंग्रजीतला अर्थ आहे ‘होईल की नाही सांगता येत नाही’. त्यांनी अगदी खरी परिस्थिती कळवली होती. फक्त ती वाचणाऱ्यापर्यंत उलटी होऊन पोचली.

समजलेल्या शब्दांचा धोका जास्त

आपल्याला वाटतं की अवघड शब्द टाळले की झालं. पण अवघड शब्दाने एवढं नुकसान होत नाही. समोरच्याला ‘डिस्क्रिपन्सी’ हा शब्द अडला तर तो अडला हे त्याला स्वतःला कळतं. तो डिक्शनरी उघडतो किंवा तुम्हाला विचारतो.

‘टच अँड गो’चं तसं नाही. टच माहीत आहे, गो माहीत आहे. तीन शब्द, तिन्ही शाळेतले. वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. ओळखीच्या शब्दांवरून तो स्वतःच एक अर्थ जुळवतो आणि पुढे जातो. म्हणून ‘ओके, थँक यू’ आलं.

आपल्याच भाषेवरून घ्या ना. एखाद्या चेन्नईच्या व्यापाऱ्याने पुस्तकावरून मराठी शिकली आहे. तुम्ही त्याला लिहिलं, ‘ट्रान्सपोर्टवाल्याने हात वर केले.’ हात त्याला माहीत, वर माहीत, केले माहीत. त्याला वाटेल, ट्रान्सपोर्टवाला हजर आहे, हात वर करून ‘मी तयार’ म्हणतो आहे. अर्थ बरोबर उलटा झाला. असंच इंग्रजीत आपल्याकडून होतं.

चाचणी पहिली: शब्दशः मराठी करून बघा

मेसेज पाठवण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य मनात शब्दाला शब्द ठेवून मराठी करा. हसू आलं किंवा अर्थ लागेना, तर ते वाक्य बदलायचं.

‘वी आर स्वॅम्प्ड’ म्हणजे आम्ही दलदलीत बुडालो. खरं म्हणायचं काय होतं? काम खूप आहे. मग तेच लिहा: ‘वी हॅव अ लॉट ऑफ वर्क धिस वीक.’ ‘गिव्हिंग अस द रनअराउंड’ म्हणजे आम्हाला गोल पळवतोय. म्हणायचं होतं, डाईंगवाला नक्की तारीख देत नाही. ‘जस्ट टचिंग बेस’ म्हणजे नुसता तळाला हात लावतोय. हा बेसबॉलच्या मैदानातून आलेला वाक्प्रचार आहे, आणि म्हणायचं फक्त इतकंच की ‘ऑर्डरची माहिती देतो आहे’.

खेळावरून आठवलं. आपल्या धंद्याच्या इंग्रजीत क्रिकेट ठासून भरलेलं असतं. ‘वी आर ऑन द बॅकफूट’, ‘ही बोल्ड अ गुगली’, ‘लेट्स प्ले ऑन द फ्रंटफूट’. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकाला कळेल. जर्मनीत, जपानमध्ये, ब्राझीलमध्ये बहुतेकांनी क्रिकेटची मॅच कधी पाहिलेलीच नसते. तिकडून येणारं ‘बॉलपार्क फिगर’ आपल्याला अडतं, कारण बेसबॉल आपण पाहत नाही. तुम्ही लिहिताना ‘बॉलपार्क’ नको, ‘ॲन ॲप्रॉक्सिमेट प्राइस’ लिहा आणि पुढे आकडा द्या. ‘अबाउट १.६० युरो पर पीस’ यात गोंधळायला जागाच नाही.

चाचणीत न सापडणारे शब्द: आपलं भारतीय इंग्रजी

ही चाचणी एका ठिकाणी मात्र फसते. काही शब्द आपल्याला वाक्प्रचार वाटतच नाहीत. लहानपणापासून ऑफिसच्या पत्रात, बँकेच्या नोटिशीत तेच वाचलेले असतात, म्हणून ते शुद्ध इंग्रजी वाटतात. भारतात ते चालतातही. बाहेर मात्र त्यांचा अर्थ वेगळा होतो किंवा लागतच नाही. यांची यादीच पाठ करावी लागते.

‘रिव्हर्ट’ हा पहिला. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’. बाहेर बहुतेक ठिकाणी अर्थ ‘आधीच्या स्थितीत परत जा’. दर बदलल्यावर तुम्ही ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर समोरच्याला वाटू शकतं, जुन्या दरावर परत जायला सांगताय. सरळ ‘प्लीज रिप्लाय’ लिहा.

‘डू द नीडफुल’ हा दुसरा. यात नक्की काय करायचं हेच लिहिलेलं नसतं. आपल्याला संदर्भावरून कळतं की पैसे पाठवा. परदेशी माणूस विचार करत बसतो, कोणतं काम? म्हणून कामाचं नाव लिहा: ‘प्लीज पे ९६० युरो.’

‘पार्टी’ बघा. आपल्या बाजारात पार्टी म्हणजे व्यापारी, पुरवठादार, गिऱ्हाईक, कोणीही. बाहेर शाळेतलं इंग्रजी शिकलेल्या माणसाला पार्टी म्हणजे केक आणि फुगे, नाहीतर राजकीय पक्ष. त्यात ‘डाईंग’चं स्पेलिंग घाईत एका अक्षराने चुकलं तर ‘मरत असलेली पार्टी’ होते. ताईंच्या मेसेजमध्ये स्पेलिंग बरोबर होतं, तरी ‘द डाय हाउस’ किंवा ‘द कंपनी दॅट डाइज द यार्न’ जास्त सुरक्षित.

‘आय हॅव अ डाउट’ हे तर आपण दिवसातून दहादा म्हणतो. आपला अर्थ ‘एक प्रश्न आहे’. बाहेर अर्थ ‘माझा विश्वास बसत नाही’. ग्राहकाच्या पेमेंटबद्दल ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर पेमेंट’ लिहिलंत तर त्याला ते अपमानाचं वाटेल. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.

आणखी तीन पटकन सांगतो. ‘प्रीपोन’ भारताबाहेर फारसा कोणी वापरत नाही, त्याऐवजी ‘कॅन वी मीट अर्लियर, ऑन ट्यूज्डे?’ लिहा. ‘आउट ऑफ स्टेशन’ वाचून समोरचा रेल्वे स्टेशन शोधेल, ‘आय ॲम ट्रॅव्हलिंग’ पुरेसं आहे. आणि ‘प्लीज इंटिमेट अस’ तर कधीच नको, कारण इंटिमेट म्हणजे बाहेर ‘अतिशय जवळच्या नात्यातलं’. ‘प्लीज टेल अस’ लिहा.

दोन शब्दांची क्रियापदं

यानंतरचा त्रास बारीक आहे, म्हणून इंग्रजी चांगलं असलेलेही त्यात अडकतात. पुट, कॉल, होल्ड, वर्क, वाइंड असे छोटे शब्द, आणि त्यांना चिकटलेले ऑफ, अप, आउट. ‘कॉल’ म्हणजे फोन करणे, पण ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप’ म्हणजे भलतंच. शेपटाने सगळा अर्थ बदलतो, आणि घाईत वाचणारा शेपूट गाळूनच वाचतो. ‘वी कॉल्ड ऑफ द ट्रक’ हे त्याने ‘ट्रकवाल्याला फोन केला’ असं वाचलं तर तो दिवसभर ट्रकची वाट बघेल.

इथे एका शब्दाचं क्रियापद वापरा. कॉल ऑफऐवजी ‘कॅन्सल’. वाइंड अपऐवजी ‘फिनिश’. सॉर्ट आउटऐवजी ‘सॉल्व्ह’. होल्ड ऑफऐवजी ‘वेट’.

पण ग्राहक कुठला आहे हेही बघा. ‘पुट ऑफ’ला पर्याय म्हणून ‘पोस्टपोन’ हा मोठा शब्द स्पेन, मेक्सिको, इटलीच्या माणसाला उलट सोपा जातो, कारण त्याच्या भाषेत जवळजवळ तसाच शब्द आहे. व्हिएतनाम किंवा जपानच्या ग्राहकाला त्याचा उपयोग नाही. तिथे ‘वी नीड टू चेंज द डेट. द न्यू डेट इज १४ नोव्हेंबर’ असं लहान शब्दांत लिहिलेलं बरं. शब्द छोटा असला की सोपा असतोच असं नाही. तो समोरच्याने आधी किती वेळा, आणि त्याच अर्थाने, पाहिला आहे यावर ते ठरतं.

हा विचार काही माझा नाही. विमानांच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकात एक मर्यादित इंग्रजी ठरवलं गेलं, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. जगभरच्या मेकॅनिकना, ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांनाही, पुस्तिका एकसारखी कळावी म्हणून. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: एका शब्दाला एकच अर्थ. उदाहरणार्थ ‘फॉलो’ हा शब्द तिथे फक्त ‘मागून येणे’ या अर्थाने चालतो. सूचना ‘पाळा’ म्हणायचं असेल तर ‘ओबे’ लिहावं लागतं. आपल्याला एवढं कडक व्हायची गरज नाही. पण एक सवय जरूर उचला. पहिल्या ओळीत ‘टॉवेल्स’ लिहिलं तर पुढे त्यालाच ‘गुड्स’, ‘मटेरियल’, ‘कन्साइनमेंट’ म्हणू नका. शाळेत निबंधात शब्द बदलत राहायला शिकवलं, पण इथे शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं वस्तू बदलली.

तारीख आणि आकडा

ताईंच्या मेसेजमधलं अर्धं नुकसान ‘नेक्स्ट फ्रायडे’ने केलं. याचा अर्थ ‘हा शुक्रवार’ की ‘पुढच्या आठवड्यातला’, यावर ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यातही एकमत नसतं. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि महिना अक्षरांत लिहा. ५/११ हे आपल्याकडे ५ नोव्हेंबर, अमेरिकेत ११ मे. ‘फ्रायडे, १४ नोव्हेंबर’ हे सगळीकडे एकच. वार आणि तारीख जुळली नाही तर समोरचा लगेच विचारतो, हा आणखी एक फायदा.

‘ईओडी’, म्हणजे दिवसअखेर, हाही तसाच शब्द. कोणाचा दिवस? हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असतं. आपली दिवसअखेर तेव्हा तिथे जेमतेम दुपार झालेली असते. ‘बिफोर ५ पी.एम. जर्मन टाइम’ असं लिहा.

आकड्यात दोन गोष्टी. ‘लाख’ आणि ‘क्रोर’ बाहेर कळत नाहीत, ‘१००,०००’ असा आकडा तीन-तीनच्या गटात लिहा. आणि जर्मनीसह युरोपात बऱ्याच ठिकाणी टिंब आणि स्वल्पविरामाचं काम उलट असतं. तिथे १.५०० म्हणजे दीड हजार, आणि दीड लिहितात १,५. नग किंवा किलो लिहिताना शक्य असेल तिथे टिंब टाळा.

आता ताईंचा मेसेज पुन्हा लिहूया

शब्द बदलण्याआधी ताईंना मी एक काम सांगितलं होतं. इंग्रजी विसरा आणि मला मराठीत सांगा, ग्राहकाला काय काय कळायला हवं? त्या म्हणाल्या: पांढरा तयार आहे. निळा तयार नाही. रंग जुळत नाही, सूत पुन्हा रंगवायचंय. सोमवारी कळेल. जुळला तर १४ ला माल तयार, नाही तर आणखी आठवडा. तोपर्यंत जहाज बुक करू नका. पैसे माल निघण्याआधी हवेत.

गंमत बघा. पहिल्या मेसेजमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी होत्याच नाहीत. सूत पुन्हा रंगवायचंय हे नव्हतं, सोमवारी कळेल हे नव्हतं, बुकिंग थांबवा हे तर नव्हतंच. वाक्प्रचाराचा हा लपलेला तोटा आहे. ‘टच अँड गो’ लिहिलं की आपल्यालाच वाटतं सगळं सांगून झालं. साधं लिहायला बसलं की आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही, ते समोर येतं.

आता त्याचं इंग्रजी:

“हॅलो. धिस इज ॲन अपडेट ऑन युअर ऑर्डर.

१. व्हाइट टॉवेल्स: ६०० पीसेस आर रेडी.

२. ब्लू टॉवेल्स: ६०० पीसेस आर नॉट रेडी. द कलर ऑफ द यार्न डज नॉट मॅच युअर सॅम्पल. द डाय हाउस विल डाय द यार्न अगेन.

३. आय विल चेक द न्यू कलर ऑन मंडे, १० नोव्हेंबर, अँड सेंड यू अ मेसेज. इफ द कलर इज राइट, द ब्लू टॉवेल्स विल बी रेडी ऑन फ्रायडे, १४ नोव्हेंबर. इफ द कलर इज रॉंग, आय विल नीड ७ मोअर डेज.

४. प्लीज डू नॉट बुक द शिप बिफोर माय मेसेज ऑन मंडे.

५. द बॅलन्स इज ९६० युरो. प्लीज पे इट बिफोर द टॉवेल्स लीव्ह इंडिया.

प्लीज टेल मी व्हॉट यू प्रिफर. ए: ऑल १२०० टॉवेल्स टुगेदर. बी: व्हाइट टॉवेल्स फर्स्ट, ब्लू टॉवेल्स लेटर.

आय ॲम सॉरी फॉर द डिले. थँक यू फॉर युअर पेशन्स.”

मेसेज लांब झाला, हे खरं. पण वाचायला कमी वेळ लागतो, कारण कुठेच थांबून अंदाज बांधावा लागत नाही. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट आहे. ‘विल ट्राय’ही गेलं. ‘ट्राय’मध्ये आपल्याकडे नम्रपणा असतो, पण वाचणारा त्यातून तारीखच उचलतो. शंका असेल तर ‘जर–तर’ करून दोन्ही बाजू लिहायच्या, ताईंनी तिसऱ्या मुद्द्यात लिहिल्या तशा.

साधं म्हणजे मोडकं नाही

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, सोपं करायच्या नादात लोक इंग्रजी तोडतात. ‘यू पे, आय सेंड, ब्लू नो रेडी.’ हे सोपं नाही, हे अर्धवट आहे, आणि भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं तर आणखी बिघडतं. द, दॅट, इज, विल हे छोटे शब्द ठेवा. कोणता शब्द कोणाशी जोडलाय ते तेच सांगतात. ‘द टॉवेल्स दॅट यू ऑर्डर्ड’ हे ‘टॉवेल्स यू ऑर्डर्ड’पेक्षा स्पष्ट आहे.

दुसरी चूक, धंद्याचे शब्दही काढून टाकणं. एफओबी, जीएसएम, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे अवघड वाटतात, पण तुमचा ग्राहक रोज तेच वापरतो. ‘जीएसएम ५००’ ऐवजी ‘जाड टॉवेल’ लिहिलंत तर उलट माहिती हरवेल. दोघांच्या धंद्यात असलेला शब्द ठेवायचा, फक्त तुमच्या गावात, ऑफिसात किंवा मैदानात असलेला शब्द काढायचा.

ताईंनी मला विचारलं होतं, “सर, असं लिहिलं तर रुक्ष नाही वाटणार? मी तर आपुलकीने लिहिते.” आपुलकी जरूर ठेवा, पण तिला वेगळं, साधं वाक्य द्या. ‘आय होप युअर शॉप इज डुइंग वेल.’ ‘थँक यू फॉर वेटिंग.’ एवढं पुरतं. मात्र तारीख, पैसे आणि माल या वाक्यांत विनोद, टोमणा किंवा गोड इशारा नको.

‘ओके’ म्हणजे समजलं असं नाही

मेसेज गेल्यावर एक शेवटचं पाऊल उरतं. परदेशी ग्राहकालाही ‘मला कळलं नाही’ म्हणायला आपल्याइतकाच संकोच वाटतो. म्हणून ‘इज इट क्लिअर?’ विचारून काही मिळत नाही. ‘येस’ हेच उत्तर येणार.

त्याऐवजी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर मेसेज समजल्याशिवाय देताच येणार नाही. ताईंच्या नव्या मेसेजमधला ‘ए की बी’ हा तसा प्रश्न आहे. ‘ऑन व्हिच डेट विल यू बुक द शिप?’ हाही तसाच. उत्तरात ‘८ नोव्हेंबर’ आलं की लगेच कळतं, गडबड झाली. तेव्हा ती दोन मिनिटांत सुधारता येते, विमानाचं भाडं भरावं लागत नाही.

आणि प्रश्नात ‘नॉट’ घालू नका. ‘डोन्ट यू नीड द सॅम्पल?’ याला जपानी ग्राहकाने ‘येस’ म्हटलं तर त्याचा अर्थ बरेचदा ‘हो, बरोबर, नकोय’ असा असतो. आपण नाही का मराठीत ‘तुला चहा नको ना?’ला ‘हो, नको’ म्हणतो! ‘डू यू नीड द सॅम्पल?’ विचारा.

समोरून येणाऱ्या मेसेजवरही हीच नजर ठेवा. जर्मन ग्राहकाने ‘प्लीज सेंड अन्टिल फ्रायडे’ लिहिलं तर बहुधा त्याला म्हणायचं असतं ‘शुक्रवारपर्यंत एकदा पाठवा’, शुक्रवारपर्यंत पाठवत राहा असं नाही. त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, तसाच आपल्या मराठीतला ‘पर्यंत’. तसंच त्याने ‘इव्हेंच्युअली’ लिहिलं तर इंग्रजी अर्थाप्रमाणे ‘शेवटी नक्की’ असं धरून चालू नका. जर्मनमध्ये आणि स्पॅनिशमध्ये तशाच दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ आहे. ‘वी विल इव्हेंच्युअली ऑर्डर ५०० मोअर’ यावर कच्चा माल भरण्याआधी विचारा: “इज धिस अ कन्फर्म्ड ऑर्डर?”

आजचा गृहपाठ

आता ते व्हॉट्सॲप उघडा. परदेशी ग्राहकाला, नसेल तर केरळ-तमिळनाडूच्या व्यापाऱ्याला, तुम्ही पाठवलेले शेवटचे पाच इंग्रजी मेसेज काढा. प्रत्येक वाक्याचं शब्दशः मराठी करा आणि जिथे हसू येईल तिथे खूण करा. मग रिव्हर्ट, नीडफुल, पार्टी, डाउट शोधा. मग वार, तारीख आणि आकडे तपासा. शेवटी तो मेसेज घरातल्या किंवा युनिटमधल्या अशा माणसाला वाचायला द्या, ज्याचं इंग्रजी फक्त दहावीपर्यंतचं आहे, आणि विचारा, “यात आपण समोरच्याला काय करायला सांगितलंय?” त्याचं उत्तर आणि तुमच्या मनातलं जुळलं तर मेसेज पाठवायला हरकत नाही.

सोलापूरच्या ताईंनी हा मेसेज फोनमध्ये नमुना म्हणून ठेवला आहे. तयार काय, बाकी काय, तारीख काय, तुम्ही काय करायचं, ए की बी. त्याच जर्मन बाईंची दुसरी ऑर्डर आली, तेव्हाही रंगाचा घोळ झालाच. पण या वेळी उत्तर आलं, “बी. व्हाइट फर्स्ट.” आणि माल दोन वेळा, पण जहाजानेच गेला.

तुमच्या मेसेजमध्ये कोणता शब्द सापडला ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.